मानमोडीचा ताप : नोंदवहीत फक्त 'ताप' एवढंच उरलं

करोनाची साथ आली तेव्हा माझ्याकडे येणारे बहुतेक जण म्हणायचे, "डॉक्टर, असं याआधी कधी झालंच नव्हतं." शिकलेली माणसंही हेच म्हणत होती. पण बरोबर १०२ वर्षं आधी याच मुंबईत, याच ठाणे जिल्ह्यात श्वासातून पसरणाऱ्या एका आजाराने घरंच्या घरं रिकामी केली होती. १९१८ सालचा इन्फ्लुएन्झा. जगात त्याला 'स्पॅनिश फ्लू' म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या माणसांचा शब्द त्याहून चांगला होता : मानमोडी. माणूस तापाने असा मोडून पडे की मान वर धरवत नसे, म्हणून मानमोडी.

प्लेग आपल्याला आठवतो. 'देवी' आठवतात, पटकी आठवते. मानमोडी मात्र फार थोड्यांना माहीत आहे, आणि ती सर्वांत घातक होती. प्लेगने भारतात वीस-पंचवीस वर्षांत मिळून सुमारे एक कोटी माणसं नेली. इन्फ्लुएन्झाने त्याहून जास्त माणसं काही महिन्यांत नेली. भारतातला आकडा अभ्यासकांच्या हिशेबानुसार सव्वा कोटी ते पावणेदोन कोटींच्या आसपास येतो. जगात कुठल्याही एका देशात इतके मृत्यू झाले नाहीत. एवढी मोठी गोष्ट आपण विसरलो कशी? माझं मत असं की ती विसरली गेली हे अर्धंच खरं आहे. निम्म्याहून अधिक ती नोंदलीच गेली नव्हती.

आधी 'स्पॅनिश' या नावाचं बघू, कारण त्याने उगाच दिशाभूल होते. हा आजार स्पेनमधून आलेला नाही. पहिलं महायुद्ध चालू होतं आणि लढणाऱ्या देशांत वर्तमानपत्रांवर बंधनं होती. स्पेन युद्धात नव्हता, म्हणून तिथल्या पत्रांनी आजाराच्या बातम्या उघड छापल्या आणि नाव स्पेनला चिकटलं, इतकंच.

आपल्याकडे तो समुद्रातून आला. मे १९१८ च्या अखेरीस सैनिकांची ने-आण करणारं एक जहाज मुंबई बंदरात थांबून गेलं. १० जून रोजी मुंबईच्या पोलीस रुग्णालयात सात शिपाई तापाने दाखल झाले. त्यांच्यातल्या एकाची नेमणूक गोदीत होती. ताप हिवतापाचा नव्हता. पुढच्या काही दिवसांत गोदी कामगार, मग बंदराशी संबंधित कचेऱ्या, गिरण्या, रेल्वेचे लोक असं करत सगळं शहर तापलं. मुंबई महापालिकेचे आरोग्य अधिकारी त्या वेळी डॉ. टर्नर होते. त्यांचं म्हणणं, आजार जहाजांवरून आला आणि बंदरावर वेळीच लक्ष ठेवलं गेलं नाही. वरच्या सरकारचं म्हणणं, मुंबईची घाण आणि गर्दी याला जबाबदार. साथ कुठून आली यावर भांडत बसायचं आणि दरम्यान ती पुढच्या स्टेशनावर पोचलेली, हे तुम्हाला ओळखीचं वाटेल.

जूनची ही पहिली लाट तुलनेने सौम्य होती. माणसं तीन-चार दिवस पडत आणि उठत. जुलैअखेर ती ओसरली आणि सगळ्यांना वाटलं, गेलं संकट. सप्टेंबरमध्ये दुसरी लाट आली ती वेगळीच होती. ६ ऑक्टोबर १९१८ या एका दिवशी मुंबईत ७६८ मृत्यू नोंदले गेले. प्लेगच्या सर्वांत वाईट दिवसांतही इतके झाले नव्हते. नुकतं नवरात्र बसलं होतं.

आता नकाशा डोळ्यांपुढे आणा. मुंबईहून निघालेली गाडी ठाणे, कल्याणला येते. कल्याणला रूळ फुटतात : एक फाटा कर्जतकडून पुण्याला, दुसरा टिटवाळा, वासिंद, आसनगाव, खर्डी, कसारा करत थळ घाटातून इगतपुरी-नाशिककडे. हे रूळ १९१८ मध्ये पन्नास वर्षांहून जुने होते. घाटावरचे आणि कोकणातले हजारो लोक गिरण्यांत कामाला होते. शहरात माणसं मरायला लागली की माणूस काय करतो ते आपण २०२० मध्ये पाहिलं : तो गावाकडे निघतो. त्यात सणाचे दिवस. भारत सरकारचे त्या वेळचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांनी साथीवर जो अहवाल लिहिला, त्यात रेल्वे हेच प्रसाराचं मोठं साधन ठरल्याचं सांगितलं आहे. साथीची लाट मुंबईतून सुरू होऊन रुळांबरोबर पूर्वेकडे सरकली. ऑक्टोबरमध्ये मुंबई इलाखा, मग मध्य प्रांत-वऱ्हाड, आणि बंगालपर्यंत पोचेपर्यंत वर्ष सरत आलं. गंमत म्हणजे (गंमत कसली) पूर्वेकडे सरकताना तिचा जोर कमी होत गेला. सर्वांत मोठा तडाखा पश्चिमेला आणि मध्य भारताला, म्हणजे बराचसा मराठी मुलखालाच बसला.

शहापूर तालुका रुळावर आहे, मुरबाड नाही. म्हणून कोणी म्हणेल की धसईसारखी डोंगराकडची गावं वाचली असतील. तसं धरून चालू नका. आजाराला रूळ फक्त कल्याण किंवा आसनगावपर्यंत पुरेसे होते. पुढे बैलगाडी होती, पायवाट होती, आठवडी बाजार होता. गवत, लाकूड, कोळसा इथून मुंबईला जात होता आणि ते नेणारी माणसं परत येत होती. इन्फ्लुएन्झाचा विषाणू शिरल्यापासून ताप यायला साधारण एक ते चार दिवस लागतात, आणि ताप यायच्या आदल्या दिवसापासूनच माणूस तो इतरांना देऊ शकतो. मुंबईहून धडधाकट निघालेला माणूस गावात येऊन, सगळ्यांना भेटून, मग आजारी पडत असे. ज्या आजाराला वेशीवर अडवता येत नाही, तो हाच प्रकार.

एका गावात नेमकं काय झालं असेल याचा हिशेब करून बघू. हे गाव कल्पनेतलं आहे, पण दर त्या काळचे आहेत. गावाची वस्ती ५००. त्या काळी दर हजारी वर्षाला तीस-पस्तीस मृत्यू ही नेहमीची गोष्ट होती, म्हणजे या गावात वर्षाला साधारण सोळा. महिन्याला एक किंवा दोन. मुंबई इलाख्यात इन्फ्लुएन्झाने दहा लाखांहून अधिक माणसं गेली. लोकसंख्येशी भागलं तर हजारी पन्नासच्या पुढे. म्हणजे आपल्या गावात पंचवीस-सत्तावीस मृत्यू, आणि तेही मुख्यतः चार ते सहा आठवड्यांत. दीड वर्षात जितके खांदे द्यायचे तितके एका महिन्यात.

पण मृत्यूंपेक्षाही आजारी किती, हे महत्त्वाचं. निम्मं गाव एकाच पंधरवड्यात अंथरुणावर असेल तर पाणी कोण आणणार? भाकरी कोण थापणार? शेतातलं हळवं भात कोण कापणार? गुरांना कोण सोडणार? ज्या घरात सगळेच पडले तिथे नुसती पेज आणि पाणी तोंडाशी न लागल्यानेही माणसं गेली असतील. आज घरोघरी नळ आहे, तरी करोनात अख्खं घर आजारी पडल्यावर शेजारच्याने डबा दिला म्हणून किती जण तरले ते तुम्हाला माहीत आहे.

शिवाय १९१८ चं सालच वाईट होतं. पाऊस फसला होता. युद्धामुळे धान्य महाग झालं होतं. अर्धपोटी शरीर, त्यात ताप, त्यात पाण्याचं दुर्भिक्ष्य. अहमदनगरसारख्या जिल्ह्यांत तर साथीपाठोपाठ दुष्काळच आला.

आता वैद्यकीय भागाकडे येतो, कारण 'फ्लूने माणूस मरतो का?' हा प्रश्न तुम्ही मला दर पावसाळ्यात विचारता.

साध्या फ्लूने बहुतेक माणसं मरत नाहीत. १९१८ मध्येही आजारी पडलेल्यांपैकी बहुसंख्य बरे झाले. जे गेले त्यांच्यातले बरेचसे थेट विषाणूने गेले नाहीत. विषाणू आधी श्वासनळीच्या आतलं नाजूक अस्तर सोलून काढतो. हे अस्तर म्हणजे फुप्फुसाची राखण. ती गेली की एरवी नाका-घशात निमूट राहणारे जिवाणू, मुख्यतः न्यूमोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस, खाली फुप्फुसात उतरतात आणि न्यूमोनिया होतो. त्या काळी मेलेल्यांच्या फुप्फुसांचे जपून ठेवलेले तुकडे अमेरिकन शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये पुन्हा तपासले, तेव्हा जवळपास सगळ्यांत हा जिवाणूंचा न्यूमोनिया दिसला. पेनिसिलिनचा शोध १९२८ चा, आणि ते रुग्णांपर्यंत पोचलं १९४० नंतर. म्हणजे १९१८ च्या डॉक्टरकडे या न्यूमोनियावर काहीच नव्हतं.

लस होती का? होती, आणि ती वाया गेली. तेव्हाच्या शास्त्रज्ञांची समजूत होती की इन्फ्लुएन्झा एका जिवाणूमुळे होतो, जो फायफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८९२ मध्ये शोधला होता. त्या जिवाणूची लस बनवून जगभर टोचली गेली. खरा गुन्हेगार विषाणू आहे हे माणसांच्या बाबतीत सिद्ध झालं १९३३ मध्ये, लंडनला. १९१८ च्या विषाणूचा पूर्ण नकाशा तर २००५ मध्ये हाती आला, अलास्कातल्या गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका प्रेताच्या फुप्फुसामुळे. तो 'एच१एन१' जातीचा होता. नाव ऐकल्यासारखं वाटतंय? २००९ मध्ये पुण्यातून ज्या स्वाइन फ्लूची भीती राज्यभर पसरली, तो त्याच घराण्यातला.

यातून आजच्या कामाची एक गोष्ट निघते. फ्लूचा ताप तीन-चार दिवसांत उतरला, माणूस उठून बसला, आणि मग दोन-तीन दिवसांनी पुन्हा ताप चढला, खोकल्याबरोबर पिवळा किंवा गंजासारखा कफ यायला लागला, छातीत टोचू लागलं, धाप लागली, तर तो 'राहिलेला ताप' नसतो. १९१८ मध्ये माणसं नेणारा तो हाच दुसरा ताप. ओठ किंवा नखं निळसर दिसली तर एक तासही घरी थांबू नका. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला तीसच्या वर जात असेल तर तेच. घड्याळ लावून छाती किती वेळा वर-खाली होते ते मोजा, यंत्र लागत नाही. आणि गरोदर बाई असेल तर दुसऱ्या तापाची वाटच बघू नका, पहिल्या तापालाच दाखवा. फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर सर्वांत जास्त उपयोगी पडतं.

गरोदर बाईचं मुद्दाम म्हणालो. फ्लू एरवी लहान मुलं आणि म्हातारी माणसं नेतो. १९१८ मध्ये उलटं झालं. वीस ते चाळीस वयाचे तरणेताठे जास्त गेले. याचं एक कारण असं मानतात की म्हाताऱ्यांनी तरुणपणी याच जातीचा एखादा विषाणू सोसला होता. भारतात आणखी एक वेगळेपण दिसलं : बायका पुरुषांपेक्षा जास्त गेल्या. बाळंतपणांनी रक्त आटलेलं, सगळ्यांत शेवटी आणि सगळ्यांत कमी जेवणारी, आणि घरातल्या प्रत्येक आजाऱ्याच्या उशाशी बसणारी तीच. पुढच्या वर्षी, १९१९ मध्ये, जन्मांची संख्या एकदम खाली आली. ज्या आया होणार होत्या त्याच गेल्या होत्या.

मुंबईच्या आकड्यांत आणखी एक गोष्ट आहे, जी वाचून मी पहिल्यांदा काही वेळ गप्प बसलो होतो. महापालिकेने मृत्यूदर समाजवार काढला होता. युरोपीय लोकांत तो हजारी ८.३ होता. पारशांत ९. वरच्या आणि मधल्या जातींच्या हिंदूंत १८.९, मुसलमानांत १९.२. आणि ज्यांना तो अहवाल 'खालच्या जातीचे हिंदू' म्हणतो, त्यांच्यात ६१.६. एकच शहर, एकच विषाणू, एकच महिना. फरक सात पटींहून जास्त.

विषाणूला जात कळत नाही. पण एका खोलीत आठ-दहा जण झोपतात की दोन, हे त्याला 'कळतं'. आजारी माणूस चार दिवस कामावर न जाता जेवू शकतो का, त्याला स्वच्छ पाणी कोणी भरू देतं का, त्याच्या दारात डॉक्टर चढतो का, यावर आजारी माणूस वाचतो की मरतो ते ठरतं. मला कोणी विचारलं की आरोग्य म्हणजे औषध की घर-पाणी-जेवण, तर मी हे दोन आकडे सांगतो, ८.३ आणि ६१.६. दोघांनाही औषध नव्हतंच. तेव्हा कोणाकडेच नव्हतं.

सरकारने काय केलं? थोडक्यात सांगायचं तर फारसं काही नाही. यामागे प्लेगचा इतिहास आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा सरकारने १८९७ चा साथरोग कायदा केला आणि पुण्यात सोल्जर घरात घुसवले. माणसं ओढून नेली, सामान जाळलं, बायकांची तपासणी केली. त्या संतापातून जून १८९७ मध्ये चापेकरांनी रँडला मारलं. तेव्हापासून सरकारने धसका घेतला होता. १९१८ मध्ये कायदा हाताशी असूनही जबरदस्ती कोणी केली नाही. हे चांगलंच झालं. पण जबरदस्ती सोडताना सरकारने जबाबदारीही सोडली. सरकारी डॉक्टरांतले बरेचसे युद्धावर होते. खेड्यात दवाखाना नावाची गोष्टच विरळा. उरलेल्यांनी सूचना काढल्या : गर्दी टाळा, मोकळ्या हवेत झोपा, गुळण्या करा. सूचना चुकीच्या नव्हत्या. पण झोपडीत पडलेल्या आजारी बाईला पत्रक प्यायला पाणी देत नाही.

पाणी दिलं ते लोकांनी. मुंबईत ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सुरू केलेल्या सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्था, जातीपातींच्या मंडळ्या, डॉक्टर आणि विद्यार्थी स्वयंसेवक रस्त्यावर उतरले. चाळींतून फिरून औषध आणि दूध देणं, तात्पुरती रुग्णालयं चालवणं, प्रेतांची व्यवस्था लावणं, ही कामं त्यांनी केली. माझ्या मते १९१८ मध्ये जे काही जीव वाचले ते औषधाने नाही, या दुधाने आणि शुश्रूषेने वाचले. पण ही मदत शहरात आणि मोठ्या गावांत होती. घाटाखालच्या वाड्या-पाड्यांवर, ठाकर, कातकरी, महादेव कोळ्यांच्या वस्तीत, जो तो आपल्यापुरता.

आणि मग सगळे विसरले. याची कारणं बरीच सांगतात. एप्रिल १९१९ मध्ये जालियनवाला बाग घडली आणि देशाचं मन तिकडे वळलं. साथ इतक्या झटपट आली आणि गेली की तिच्याभोवती गोष्टी तयार व्हायला वेळ मिळाला नाही. देवींना शीतला होती, पटकीला मरीआई होती, मानमोडीला देऊळ मिळालं नाही. प्लेगची आठवण राहिली ती काही अंशी रँडमुळे. जिथे खलनायक असतो ती गोष्ट लक्षात राहते. इथे खलनायक कोणी नव्हता, फक्त गैरहजेरी होती. आणि ज्यांनी नातवंडांना गोष्ट सांगायची त्या तरुण आयाच गेल्या होत्या.

उरल्या त्या गोष्टींतही भेसळ झाली. गांधीजींना १९१८ मध्ये स्पॅनिश फ्लू झाला होता, असं करोनाच्या काळात मोबाइलवर फिरत होतं. त्यांनी स्वतः आत्मकथेत लिहिलंय की त्यांना आमांश झाला होता. त्यांची थोरली सून मात्र त्या साथीत गेली.

पण माझ्या मते मुख्य कारण अधिक रुक्ष आहे, आणि म्हणूनच मला ते खरं वाटतं. त्या काळी गावात जन्ममृत्यूची नोंद पोलीस पाटील आणि त्याच्या हाताखालचे लोक ठेवत. मृत्यूच्या कारणासाठी ठरीव रकाने होते : पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण, श्वसनाचे विकार, अपघात, इतर. इन्फ्लुएन्झा असा रकानाच नव्हता. डॉक्टर नव्हता, तपासणी नव्हती. माणूस तापाने मेला म्हणून पाटलाने 'ताप' लिहिलं. हिवतापाने गेलेलाही तिथेच, विषमज्वराने गेलेलाही तिथेच, मानमोडीने गेलेलाही तिथेच. काही गावांत तर लिहिणाराच अंथरुणावर होता. अशा रीतीने इतिहासातली सर्वांत मोठी साथ कागदावर 'यंदा ताप जरा जास्त' एवढीच दिसली. सुरुवातीला सरकारी अंदाज साठ लाखांच्या आसपास होता.

मग कोटींचा आकडा आला कुठून? वजाबाकीतून. आधीच्या काही वर्षांच्या ऑक्टोबरात सरासरी किती मृत्यू होत होते ते काढायचं, १९१८ च्या ऑक्टोबरात किती झाले ते बघायचं, आणि वजा करायचं. जे जास्तीचे उरतात ते साथीचे. जिथे नोंदच कमी झाली तिथे १९२१ ची जनगणना उपयोगी पडली. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९११ मध्ये २ कोटी १५ लाख माणसं होती. १९२१ मध्ये २ कोटी ८ लाख. दहा वर्षांत माणसं वाढायच्या ऐवजी सुमारे सहा लाखांनी घटली. १९०१ पासूनच्या जनगणनांत महाराष्ट्राची लोकसंख्या घटल्याचं हे एकमेव दशक आहे.

ही वजाबाकी तुम्ही स्वतःही करू शकता. आपल्या भागातल्या अनेक कुटुंबांनी जातीच्या दाखल्याच्या पडताळणीसाठी तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात जुनी कोतवाल बुकं, म्हणजे गाव नमुना १४ च्या नोंदी, शोधल्या आहेत. पणजोबाच्या नावापुढे जात काय लिहिली एवढंच आपण बघतो आणि नक्कल घेऊन येतो. पुढच्या वेळी १९१८ चं पुस्तक शाबूत असेल तर सप्टेंबर ते नोव्हेंबरची पानंही उलटा. बरंचसं मोडीत असेल, वाचणारा सोबत न्या. एका घराच्या नावावर आठवड्यात किती नोंदी आहेत, वयं काय आहेत, कारणाच्या जागी काय लिहिलंय ते बघा. मग त्याच पुस्तकातल्या १९१६ आणि १९१७ च्या त्याच महिन्यांतल्या नोंदी मोजा.

हीच पद्धत करोनातही वापरावी लागली. २०२० आणि २०२१ मिळून भारतात करोनाने ४ लाख ८१ हजार मृत्यू झाले असं अधिकृत आकडा सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने वजाबाकीच्या पद्धतीने ४७ लाखांचा अंदाज काढला. भारत सरकारला तो मान्य नाही, आणि त्या अंदाजाच्या रीतीवर आक्षेप घ्यायला जागा आहेच. पण दोन आकड्यांत इतकं अंतर पडू शकतं, याचं कारण शंभर वर्षांपूर्वीचंच आहे : घरी झालेल्या मृत्यूचं कारण नीट लिहिलं जात नाही.

आजही ग्रामपंचायतीत नोंद करायला गेलेला माणूस 'अल्पशा आजाराने', 'वृद्धापकाळाने' किंवा 'हार्ट बंद पडलं' असं सांगतो. हृदय प्रत्येकाचंच शेवटी बंद पडतं, ते कारण नाही. ते का बंद पडलं हे कारण. घरात कोणी गेलं तर नोंद २१ दिवसांच्या आत करा. शेवटच्या आजारात ज्या डॉक्टरने तपासलं असेल त्याच्याकडून मृत्यूच्या कारणाचं प्रमाणपत्र मागा. घरच्या मृत्यूसाठी त्याचा नमुना '४ अ' आहे आणि कायद्याने त्याचे पैसे घेता येत नाहीत. डॉक्टरला दाखवलंच नसेल तर निदान ताप किती दिवस होता, खोकला होता का, धाप होती का, बाई असेल तर गरोदर किंवा बाळंतीण होती का, एवढं ग्रामसेवकाला सांगा आणि लिहायला लावा.